बुलढाण्याची बिल्टी, भंडाऱ्याचा दर: एक्सेलचे फॉर्म्युले नेमके कुठून शिकावेत?

माझी भाची अमरावती रोडवर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात क्लार्क आहे. दिवसभर बिल्ट्या चढवायच्या आणि महिनाअखेरी पार्टीनिहाय भाड्याची बिलं काढायची, हे तिचं काम. एका शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला. "मावशी, बुलढाण्याचं भाडं भंडाऱ्याएवढं कसं काय आलं?"

बुलढाण्याला 42 क्विंटल माल गेला होता. एक्सेलने दर लावला 60 रुपये क्विंटल आणि बिल निघालं 2520 रुपयांचं. भंडारा नागपूरहून साठेक किलोमीटर, बुलढाणा साडेतीनशेच्या आसपास. शेटजींच्या डायरीत बुलढाण्याचा दर 230 होता, म्हणजे बिल व्हायला हवं होतं 9660 रुपयांचं. 7140 रुपयांची चूक. पाकीट पार्टीकडे जाण्याआधी शेटजींची नजर पडली म्हणून निभावलं. पण भाचीला खटकत होतं ते वेगळंच. शीटमध्ये कुठे लाल नाही, कुठे एरर नाही, सगळं कसं नीटनेटकं दिसत होतं. फॉर्म्युला तिने पंधरा दिवसांपूर्वी एका व्हिडिओत पाहून घातला होता आणि बाकी सगळ्या गावांना तो बरोबर चालला होता.

मग तिने विचारलं, नीट शिकायचं तर कुठून शिकू? फोनवर एक ॲप होतं, यूट्यूबवरच्या दोन-तीन प्लेलिस्ट होत्या, सीताबर्डीच्या एका क्लासचं पत्रक होतं, आणि मैत्रिणीने सुचवलेला एक ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स. मी एकोणीस वर्षं इतवारीत ठोक व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या टेबलावर काढली आहेत, तेव्हा उत्तर देणं मला भागच होतं. पण नुसतं मत देण्यापेक्षा एकच धडा सगळीकडे काढून पाहायचं ठरवलं. धडा VLOOKUP चा. क्लार्कच्या कामात एका यादीतली गोष्ट दुसऱ्या यादीतून आणायचं काम रोज पडतं, आणि शिकवणारा किती खोलात जातो ते याच धड्यात सगळ्यात लवकर कळतं.

आधी भाचीची शीट

दोन शीट होत्या. `Bilty` नावाच्या शीटमध्ये A कॉलमात बिल्टी नंबर, B मध्ये गाव, C मध्ये वजन, D मध्ये दर, E मध्ये भाडं. `Rates` नावाच्या शीटमध्ये गावं ABCD च्या क्रमाने आणि शेजारी दर: Akola 140, Amravati 95, Bhandara 60, Chandrapur 120, Gondia 110, Wardha 70, Yavatmal 115. तिने दराच्या कॉलमात लिहिलं होतं:

```
=VLOOKUP(B2,Rates!A2:B8,2)
```

म्हणजे B2 मधलं गाव दरांच्या यादीत शोध आणि दुसऱ्या कॉलमातला दर आण. यात चौथा भाग लिहिलेला नाही. तो सोडला की एक्सेल स्वतःहून TRUE धरतं, आणि TRUE चा अर्थ असा की नाव तंतोतंत सापडलं नाही तर वर्णक्रमात त्याच्या लगेच आधी येणाऱ्या नावावर थांब. Buldhana यादीत नव्हतं. त्याच्या आधी येतं Bhandara, नंतर Chandrapur. एक्सेलने भंडाऱ्याचा 60 उचलला आणि पुढे गेलं. यादी क्रमाने लावलेली नसती तर यादीत असलेल्या गावांनासुद्धा भलतेच दर लागू शकले असते. TRUE ची सोय मुळात निरुपयोगी नाही. 0 ते 10 क्विंटलला एक दर, 10 च्या पुढे दुसरा, अशा टप्प्यांच्या तक्त्याला तीच लागते. गावांच्या नावांना मात्र शेवटी FALSE हवंच.

दुसरी गडबड `$` ची. हा फॉर्म्युला असाच खाली ओढला असता तर `A2:B8` चं `A3:B9` झालं असतं, मग `A4:B10`. तिसऱ्या ओळीपासूनच Akola यादीच्या बाहेर पडलं असतं. यादीचा `A2:B8` हा पूर्ण तुकडा निवडून F4 दाबलं (काही लॅपटॉपवर Fn धरून) की ती जागेवर बांधली जाते:

```
=VLOOKUP(B2,Rates!$A$2:$B$8,2,FALSE)
```

तिसरी, दिसायला सारखं पण आतून वेगळं. फॉर्म्युला दुरुस्त केल्यावर वर्ध्याच्या एका ओळीला `#N/A` आलं. Wardha यादीत आहे, इथेही Wardha च आहे. `=LEN(B5)` करून पाहिलं तर अक्षरं 6 ऐवजी 7. शेवटी एक स्पेस होती. `TRIM` ने ती जाते. वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात कधी एक वेगळ्या जातीची स्पेस येते; ती `TRIM` ला दाद देत नाही, तिथे हे लागतं:

```
=TRIM(SUBSTITUTE(B5,CHAR(160)," "))
```

बिल्टी नंबरांचीही हीच तऱ्हा. पार्टीकडून आलेल्या फाइलमध्ये नंबर टेक्स्ट म्हणून असतात. ते सेलच्या डाव्या कडेला चिकटून असतात, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो आणि `ISNUMBER` FALSE म्हणतं. 4512 हा आकडा आणि 4512 हे अक्षर VLOOKUP ला एक वाटत नाहीत. तो कॉलम निवडून Data मध्ये Text to Columns उघडलं आणि सरळ Finish दाबलं की बहुतेक वेळा काम होतं.

चौथी गडबड मला सगळ्यात धोक्याची वाटते, कारण तिला लोक हुशारी समजतात. `#N/A` वाईट दिसतं म्हणून फॉर्म्युल्याला `IFERROR(...,0)` चा वेढा घालायचा. मग यादीत नसलेल्या गावाचा दर 0 होतो, भाडं 0 होतं, खालची बेरीज कमी येते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. शून्याच्या जागी शब्द टाकला तर बरं:

```
=IFNA(VLOOKUP(B2,Rates!$A$2:$B$8,2,FALSE),"दर नाही")
```

आता वजनाचा गुणाकार करायला गेलं की भाड्याच्या कॉलमात `#VALUE!` येतं आणि बेरीजही अडते. ती अडायलाच हवी, कारण दर माहीत नसलेलं बिल निघताच कामा नये.

तर शिकवणाऱ्याकडून मला हवं होतं ते एवढंच. चौथा भाग, `$`, लपलेली स्पेस आणि टेक्स्टमधले नंबर, आणि एरर झाकण्यातला धोका. फॉर्म्युला कसा लिहायचा हे सगळेच सांगतात. तो चुकल्याचं कसं ओळखायचं हे कोण सांगतं, त्यावर मी प्रत्येकाला तोललं.

ऑफिसातलं एक्सेल कोणतं?

काहीही निवडण्याआधी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर File मध्ये जाऊन Account उघडा आणि व्हर्जन बघा. नव्या व्हिडिओंमध्ये बरेच जण VLOOKUP सोडून XLOOKUP शिकवतात, आणि ते योग्यच आहे. XLOOKUP मध्ये काही न लिहिता तंतोतंत शोध होतो, म्हणजे बुलढाण्याचा घोटाळा मुळात झालाच नसता:

```
=XLOOKUP(B2,Rates!$A$2:$A$8,Rates!$B$2:$B$8,"दर नाही")
```

पण हे फंक्शन एक्सेल 2021 पासून पुढे, मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये आणि ब्राउझरमधल्या फुकट एक्सेलमध्ये आहे. 2016 आणि 2019 मध्ये नाही. भाचीच्या ऑफिसात 2016 आहे. तिने घरी ब्राउझरमध्ये XLOOKUP घालून फाइल बनवली आणि ऑफिसात उघडली. आकडे दिसत होते, म्हणून तिला वाटलं चाललं. सेलवर क्लिक केल्यावर वर `_xlfn.XLOOKUP` असं विचित्र नाव होतं, आणि सेलमध्ये जाऊन एंटर मारताच `#NAME?` आलं. आधी दिसले ते घरून आलेले जुने आकडे होते, ऑफिसच्या एक्सेलने ते मोजलेले नव्हते. तुमच्याकडे जुनं व्हर्जन असेल तर आधी VLOOKUP आणि INDEX-MATCH पक्कं करा. त्यासाठी जुने धडेच जास्त उपयोगी पडतात.

फोनवरची ॲप्स

यांचं लवकर आटोपतं. भाचीच्या फोनवरचं ॲप म्हणजे फॉर्म्युल्यांची यादी, प्रत्येकाची दोन ओळींची ओळख, आणि खाली चार पर्यायांचे प्रश्न. VLOOKUP च्या चौथ्या भागाबद्दल 'TRUE किंवा FALSE' एवढंच लिहिलेलं. तिने ती प्रश्नावली पूर्ण गुणांनी पार केली होती, आणि बुलढाण्याचं बिल त्यानंतरचं आहे. वर्धा रोडवरून मेट्रोने जाताना फंक्शनचं नाव आणि त्याच्या भागांचा क्रम घोकायला अशी ॲप्स ठीक आहेत. स्पेस असलेलं Wardha आणि स्पेस नसलेलं Wardha यांतला फरक चार पर्यायांत विचारता येत नाही. तो खऱ्या शीटमध्ये अडखळल्याशिवाय डोक्यात बसत नाही. फोनवर सराव करायचाच असेल तर शिकवणाऱ्या ॲपपेक्षा एक्सेलचं किंवा गूगल शीट्सचं ॲप उघडून छोटी यादी बनवा. कीबोर्ड मात्र छळतो, आणि F4 तिथे नाही.

यूट्यूब

मराठी-हिंदीत एक्सेलचे व्हिडिओ भरपूर आहेत. ऐकायला सोपे जातात, आणि पहिल्यांदा VLOOKUP म्हणजे काय हे समजायला आपल्या भाषेतला दहा मिनिटांचा व्हिडिओ पुरतो. पण मी पाहिलेल्यांपैकी बहुतेकांत यादी आधीच स्वच्छ असते. पाच नावं, पाच पगार, सगळं जुळतं आणि व्हिडिओ संपतो. म्हणून पाहायला बसण्याआधी दोन गोष्टी तपासा. खाली सरावाची फाइल दिली आहे का? आणि शिकवणारा `#N/A` मुद्दाम आणून दाखवतो का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर तो व्हिडिओ बघण्यापुरता आहे, त्यावर काम शिकू नका.

इंग्रजी चालत असेल तर एक्सेलइझफन हे चॅनल वेगळ्याच तोलाचं आहे. अमेरिकेतल्या हायलाइन कॉलेजचे माइक गर्व्हिन ते चालवतात. व्हिडिओंसोबत फाइल उतरवून घेता येते आणि त्यांच्या मागोमाग आपल्या शीटमध्ये करत जाता येतं. त्यांची एक सवय भाचीने उचलली आणि तिला ती रोज कामी येते. फॉर्म्युल्याचा एखादाच तुकडा निवडून F9 दाबायचं. त्या तुकड्याचं उत्तर तिथल्या तिथे दिसतं. चूक शोधताना असं एकेक पान उलटून बघितल्यासारखं होतं. बघून झालं की Esc दाबायचं. एंटर दाबलं तर तुकड्याच्या जागी आकडा कायमचा बसतो. या चॅनलची अडचण लांबीची. व्हिडिओ मोठे आहेत आणि बोलणं भरभर आहे. सबटायटल लावून, वेग कमी करून पाहावे लागतात.

मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं: कोणी बघत नाही ते

मला सगळ्यात जास्त जिथे मिळालं ते एक्सेलच्या आतच होतं. File, मग New, आणि शोधाच्या चौकटीत Formula tutorial लिहा. एक वर्कबुक उतरतं. त्यात बेरजेपासून सुरुवात करून IF, VLOOKUP, अटींची बेरीज आणि शेवटी फॉर्म्युल्यातल्या चुका, अशी एकेक शीट आहे. समजावलेलंही तिथेच आणि करून बघायचंही तिथेच. व्हिडिओ थांबवून दुसऱ्या खिडकीत जायची कटकट नाही. आणि ते तुमच्याच एक्सेलमध्ये उघडतं, त्यामुळे बटणं जिथे दाखवली तिथेच सापडतात. यातलं VLOOKUP चं पान FALSE वापरतं, आणि IFERROR बद्दल स्पष्ट बजावतं की फॉर्म्युला बरोबर चालतो याची खात्री होईपर्यंत एरर झाकू नका. माझ्या चौथ्या कसोटीवर हे वर्कबुक नीट उतरलं. इंग्रजी सोपं आहे. उतरवताना एकदा इंटरनेट लागतं, तेवढं ऑफिसात नसेल तर घरून पेन ड्राइव्हवर आणता येतं.

याच्या जोडीला मायक्रोसॉफ्टच्या मदतीच्या साइटवरचं VLOOKUP चं पान. वाचायला ते रुक्ष आहे आणि पहिल्यांदा शिकणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये. पण खाली नेहमीच्या अडचणींचा तक्ता आहे, तो छापून टेबलाच्या काचेखाली ठेवण्यासारखा आहे. चुकीचं उत्तर आलं तर चौथा भाग सुटला असेल, `#REF!` आलं तर कॉलमचा नंबर यादीपेक्षा मोठा असेल, असं एकेक. पुढे `$` लावा, नंबर टेक्स्ट म्हणून ठेवू नका, पुढच्या-मागच्या स्पेस `TRIM` ने काढा, हेही आहे. भाचीच्या चारपैकी तीन गडबडी या एका पानावर सापडल्या. ते पान तिने आधी उघडलंही होतं. पण वरचा भाग क्लिष्ट वाटला म्हणून खाली गेलीच नाही.

जीसीएफग्लोबल आणि एक्सेलजेट

जीसीएफग्लोबल ही अमेरिकेतल्या एका सेवाभावी संस्थेची फुकट साइट. एक्सेलचे धडे छोटे, चित्रांसह, आणि इंग्रजी अगदी साधं. मराठी माध्यमातून आलेल्या माणसालाही झेपेल असं. धड्याला सरावाची फाइल असते आणि बऱ्याच धड्यांच्या शेवटी एक काम करून दाखवायला दिलेलं असतं. फॉर्म्युल्यांचा वेगळा अभ्यासक्रमही आहे. VLOOKUP च्या धड्यात चारही भाग एकामागून एक उलगडून सांगितले आहेत आणि FALSE का, तेही. ज्याला कंसातल्या स्वल्पविरामांची भीती वाटते त्याने इथून सुरुवात करावी. मात्र उदाहरणातली यादी स्वच्छच आहे. आपल्याकडे येणाऱ्या फाइलींची घाण कशी काढायची, त्यासाठी इथून पुढे जावं लागतं.

एक्सेलजेट हा शिकण्याचा क्रम म्हणून नको, शब्दकोश म्हणून वापरा. दोन अटींवर शोधायचं आहे, शेवटची नोंद हवी आहे, अशा एकेका गरजेचं वेगळं पान तिथे आहे आणि फॉर्म्युला कसा चालतो ते पायरीपायरीने लिहिलेलं आहे. लेख फुकट आहेत, व्हिडिओंचे कोर्स पैशांचे. पाया नसताना इथे गेलं तर माणूस तयार फॉर्म्युला उचलून चिकटवतो, आणि बुलढाण्याची गोष्ट पुन्हा घडते.

मराठीतून शिकायचं असेल तर

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलवर मराठी आवाजातले धडे आहेत, फुकट आहेत, आणि त्यांची पद्धत मला मनापासून आवडते. एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला तुमची शीट; ऐका, थांबवा, करा, पुढे जा. पण तिथल्या स्प्रेडशीटच्या मालिकेत लिब्रेऑफिस कॅल्क शिकवलं जातं. SUM, IF, VLOOKUP ही नावं दोन्हीकडे तीच, त्यामुळे विचार शिकायला अडत नाही. मेन्यू मात्र वेगळे, आणि एक बारीक फरक हमखास ठेच लावतो. दुसऱ्या शीटचं नाव लिहिताना एक्सेलमध्ये `Rates!` असं उद्गारचिन्ह लागतं, कॅल्कमध्ये सहसा टिंब. कॅल्कमध्ये तोच फॉर्म्युला असा दिसतो:

```
=VLOOKUP(B2,$Rates.$A$2:$B$8,2,0)
```

घरचा कॉम्प्युटर जुना आहे आणि एक्सेल विकत घ्यायचं नाही, अशांना कॅल्क आणि हे धडे ही जोडी चांगली आहे. सुरुवातीच्या गोष्टी, म्हणजे सेल, शीट, साधे फॉर्म्युले, अटी, मराठीतून शांतपणे पक्क्या होतात. ऑफिसात एक्सेलच असेल आणि नेमकं याद्या जुळवायचंच काम असेल, तर इथून पाया घ्या आणि पुढचं शिक्षण एक्सेलमध्ये करा.

क्लास

आपल्याकडे क्लार्कच्या नोकरीला लागलेल्या बहुतेकांकडे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र असतं. भाचीकडेही आहे. त्या कोर्सात एक्सेलची ओळख होते, पण तो संपूर्ण कॉम्प्युटरचा कोर्स आहे. फॉर्म्युल्यांवर हात बसेल एवढा वेळ त्यात मिळत नाही. एमकेसीएलच्याच क्लिक मालिकेत ॲडव्हान्स्ड एक्सेलचा वेगळा कोर्स आहे, आणि सीताबर्डीपासून नंदनवनपर्यंत टॅलीसोबत ॲडव्हान्स्ड एक्सेल शिकवणारे खाजगी क्लासही आहेत.

क्लासचा खरा फायदा म्हणजे शेजारी उभं राहून तुमच्या स्क्रीनवरची चूक दाखवणारा माणूस. तो मिळत असेल तर फी वाया जात नाही. मिळत नसेल, म्हणजे सर प्रोजेक्टरवर करतात आणि पंचवीस जण वहीत उतरवतात असा प्रकार असेल, तर तेच घरी फुकट होतं. मी स्वतः पूर्वी एका क्लासला गेले होते. तिथे फॉर्म्युले वहीत लिहून घेतले जात. कंस कुठे संपतो तेसुद्धा फळ्यावरून. तीन महिन्यांनी ऑफिसात बसले तेव्हा वही उघडूनही काम पुढे सरकेना.

म्हणून भाचीला म्हटलं, फी विचारायच्या आधी एक डेमो लेक्चर माग आणि आपली फाइल सोबत ने. पार्ट्यांची नावं बदल, गावं आणि आकडे राहू दे. त्यात स्पेसवालं Wardha आहेच. सरांना विचार, इथे `#N/A` का येतंय? पहिल्या क्लासात सरांनी Wardha पुन्हा हाताने टाइप केलं आणि म्हणाले, झालं बघ. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी न बोलता शेजारच्या रिकाम्या सेलमध्ये `=LEN(` लिहायला सुरुवात केली.

सर्टिफिकेट कोर्स

मैत्रिणीने सुचवलेला कोर्स म्हणजे कोर्सेरावरची सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठाची एक्सेल स्किल्स फॉर बिझनेस ही मालिका. चार कोर्स आहेत, रचना उत्तम आहे, आणि प्रत्येक आठवड्याला फाइलमध्ये प्रत्यक्ष काम करून उत्तर द्यावं लागतं. पण याद्या जुळवण्याचा भाग तिसऱ्या कोर्सात येतो. ज्याला येत्या महिनाअखेरी बिलं काढायची आहेत त्याला तिथवर पोचायला फार वेळ लागेल. नोकरी बदलायची असेल, बायोडेटावर विद्यापीठाचं नाव हवं असेल आणि सहा-आठ महिने रोज तास देता येत असेल, तर याच्याइतकं पद्धतशीर मला दुसरं दिसलं नाही. सर्टिफिकेटला पैसे पडतात.

भाचीने काय ठरवलं

तिने फोनवरचं ॲप काढून टाकलं. पहिले दोन आठवडे रात्री जेवणानंतर जीसीएफग्लोबलचे फॉर्म्युल्यांचे धडे, फाइल उतरवून. मग ऑफिसच्या एक्सेलमध्ये Formula tutorial मधली IF, VLOOKUP आणि चुकांची पानं, दुपारच्या डब्याच्या वेळात. मायक्रोसॉफ्टचा तो अडचणींचा तक्ता छापून काचेखाली गेला. क्लास तिने `LEN` वाल्या बाईंचा लावला, पण दोन महिन्यांनंतरचा. तोवर विचारायला प्रश्न साठू देत, असं आमचं ठरलं. इंग्रजीची धास्ती असती तर मी तिला आधी स्पोकन ट्यूटोरियलवर बसवलं असतं. ऑफिसात 365 असतं तर VLOOKUP वर एवढा वेळ घालवूच दिला नसता, थेट XLOOKUP.

सरावासाठी मी तिला एक वाईट फाइल बनवून दिली. चाळीस बिल्ट्या. त्यात दोन गावांच्या नावापुढे स्पेस, एका ठिकाणी CHAR(160) वाली, सहा बिल्टी नंबर टेक्स्ट, एक गाव यादीतच नाही, एक गाव यादीत दोनदा आणि दर वेगवेगळे. धडा कुठलाही असो, झाला की तिने याच फाइलवर तो चालवायचा आणि किती खड्डे सापडले ते मोजायचं. पहिल्या आठवड्यात तिला स्पेसवाली दोन गावं सापडली. चौथ्या आठवड्यात दोनदा आलेलं गाव तेवढं सापडायचं राहिलं होतं. VLOOKUP वरून खाली शोधत येतं आणि पहिलं सापडलं की थांबतं. दुसरा दर त्याला दिसतच नाही आणि एररही येत नाही. ते पकडायला तिने दरांच्या यादीशेजारी हे घातलं आणि एकाहून मोठा आकडा आला त्या ओळी पिवळ्या केल्या:

```
=COUNTIF($A$2:$A$8,A2)
```

नंतर तिने हाच कॉलम ऑफिसच्या खऱ्या दरपत्रकाशेजारी लावला. आता तिथली यादी सात गावांची राहिलेली नाही, साठच्या वर गेली आहे, म्हणून तिने `$A$8` च्या जागी यादीच्या शेवटच्या ओळीचा नंबर घातला. Yavatmal दोनदा निघालं, एकदा 115 ने आणि एकदा 125 ने. कोणता दर चालू आहे ते शेटजींना विचारून तिने जुनी ओळ काढली.